लोणच्याच्या बाटलीवरचा निळा उजेड

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जन्मभर गवंडीकाम केलं, पोलादपूरपासून महाडच्या बाजारपेठेपर्यंत. लोणचं म्हणजे पानात डाव्या बाजूला वाढतात ते, एवढंच मला ठाऊक. त्याचे फोटो काढण्यात माझा दिवस जाईल असं कुणी म्हटलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

बायको होळीनंतर गेली. लोणची ती घालायची. यंदाचं सुनेनं घातलं, सासूच्याच मापानं. पहिली फोड मी तोंडात घातली आणि उठून बाहेर गेलो. सुनेला वाटलं खारट झालं. खारट नव्हतं झालं. हुबेहूब झालं होतं.

मुलगा मुंबईला कामाला. आईच्या बाराव्यालाच तो बोलला होता, गणपती झाले की बायकोला घेऊन जातो, इथं राहून ती करणार काय. सून म्हणाली, लोणची विकते, खप झाला तर राहते. मला दोघांनीही विचारलं नाय. विचारलं असतं तर तोंडानं 'जा' म्हणालो असतो आणि मग भिंतींशी बोलत बसलो असतो.

मुंबईची एक बाई घरगुती जिन्नस ऑनलाइन विकते. तिला चव पटली, पण फोटो तिनं दोनदा परत पाठवले. पहिले फोटो सुनेनं ओट्यावर ट्यूबखाली काढलेले. मागं गॅसची टाकी, दोरीवर माझा बनियन, आणि काचेवर ट्यूबची पांढरी रेघ बाटलीला उभी चिरून गेलेली. म्हणून दुसरे पुढच्या पडवीत काढले. श्रावणातल्या दुपारी त्या बाईचा निरोप आला. सुनेनं मला फोनचा आवाज मोठा करून ऐकवला.

"ताई, लोणचं हिरवट-काळं दिसतंय. लोक बुरशी समजतील. बाटली तिरकी आहे, झाकण कापलं गेलंय. आज पाचपर्यंत नीट फोटो आले तरच गणपतीच्या यादीत घेता येईल. नाहीतर एकदम दिवाळीत बघू."

दिवाळीत ही इथं नसणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. वाजले होते दोन.

"बुरशी म्हणते," सून म्हणाली. "बोट बुडेल एवढं तेल हाय वर, बुरशी कुठून येईल?"

"लोणचं खायचं की बघायचं?" मी म्हटलं.

"आबा, फोनमधून चव लागत नाय. त्यांना बघायचंच असतं." मग म्हणाली, "फोनवर रंग चढवता येतो. लालभडक करते."

"आणि घरी पिवळं पोचलं की शिव्या कुणाला? जिनं शिकवलं तिला. तसलं नाय करायचं."

"मग तुम्हीच सांगा काय करू," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात आदळला. एरवी ती असं कधी करत नाय.

मी चष्मा लावून बघितलं. लोणचं खरंच मेल्यासारखं दिसत होतं. बाटली घेऊन पडवीत गेलो, हातात धरली, वर बघितलं. पावसासाठी बांधलेली निळी ताडपत्री. तिच्यातून गाळून येणारा सगळा उजेड निळा. माझा हातसुद्धा बुडालेल्या माणसासारखा दिसत होता. हळदीवर निळं पडलं की हिरवं दिसणारच. चुन्यात नीळ जास्त झाली की भिंत कशी होते ते मी आयुष्यभर बघितलंय, पण इतके दिवस त्या ताडपत्रीखाली बसून मला ते दिसलं नव्हतं.

तिरकेपणाही कळला. फोटोत तेलाची रेघ एकीकडे आणि बाटली दुसरीकडे. तेल खोटं बोलत नाय, गवंड्याच्या पाणसळीसारखं ते कायम सपाटच राहतं. कललेली होती ती जमीन. पाणी बाहेर जावं म्हणून पडवीला उतार मीच दिलेला.

"मागच्या दारात चल," मी म्हटलं.

मागच्या दाराला ताडपत्री नाय. दाराच्या आत पाट ठेवला, खाली कौलाचा तुकडा सारला, तेलाची रेघ पाटाच्या कडेला समांतर येईपर्यंत. सुनेनं फुलाफुलांचं मेणकापड आणलं होतं, ते मी परत पाठवलं. "लोकांनी गुलाब बघायचे की आंबा?" हातभर मागं धुतलेलं गोणपाट टांगलं. उजेड एका बाजूनं येत होता, दुसऱ्या बाजूला अंधार. तिथं चुना मारलेली एक फळी उभी केली, तसा उजेड उलटून बाटलीवर आला आणि फोडी दिसायला लागल्या.

"उभी राहून वरून काढतेस म्हणून बूड निमुळतं येतं," मी म्हटलं. "बाटलीच्या उंचीला ये."

तिनं बादली पालथी घातली, तिच्यावर विटा रचून फोन टेकवला. झाकणाच्या वर दोन बोटं जागा सोडली. आणि तेवढ्यात ढग फाटले. उतरतं ऊन थेट दारातून आत आलं. अर्धी बाटली पांढरी फटक, अर्धी काळी, तेलावर डोळे दिपवणारा ठिपका. ढगाची वाट बघितली. साडेतीन झाले, ढग येईना.

"दाराला कापड लावू," सून म्हणाली. तिनं चादर लावली, लोणचं गुलाबी झालं. तिची ओढणी लावली, पिवळं. माझं जुनं धोतर कळकट आणि नीळ घालून निळसर. घरात एक कापड धड पांढरं नव्हतं.

एक होतं. मी आत जाऊन पेटी उघडली. बाराव्याला बायकोच्या भावानं दुखवटा आणला होता, त्यातलं धोतर. कोरं, पातळ, घडी मोडली नव्हती. त्याला हात लावायला मला पाच महिने जमलं नव्हतं.

सून दारात आडवी आली. "ते नको आबा. दुखवट्याचं हाय. धंद्याची सुरवात त्याच्यावर कशी करायची? आत्याबाईंना काय वाटेल?"

"तिला काय वाटेल ते मला माहीत हाय. ती म्हणाली असती, कोरं कापड पेटीत कुजवू नका. बाजूला सर."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना कापड दिसणार नाय. उजेड दिसेल."

ती सरली नाय लगेच. मी तिच्या शेजारनं हात घालून चौकटीला खिळा ठोकला. पहिला ठोका बोटावर बसला. मग तिनं धोतराचं दुसरं टोक धरलं.

ऊन त्या कापडात अडकून पसरलं. तेलावरचा ठिपका विरला. लोणचं जसं बरणीत असतं तसं दिसायला लागलं, तिखटाचा लाल, हळदीचा पिवळा, मोहरीचा एकेक दाणा. मी दुसरीकडे तोंड केलं. सुनेनं फोनवर फोडीवर बोट टेकवलं, उजेड थोडा उतरवला आणि फोटो काढला. मग वाटीत काढलेल्या लोणच्याचा एक, मग लिंबाच्या बाटलीचा. वाटीची कड तिनं आधी कोरड्या फडक्यानं पुसली. ती शिकवण कुणाची, ते मला माहीत होतं.

पावणेपाचला फोटो गेले. दोघं मागच्या पायरीवर बसलो. चहा झाला, कुणी प्यायलं नाय.

निरोप सव्वापाचला आला. आंबा घेतला. लिंबू परत, बाटलीवरची चिठ्ठी वळलेली, नाव अर्धंच दिसतंय, ते उद्या सकाळी दिलं तरी चालेल.

सुनेनं नवऱ्याला फोन लावला. तो पलीकडून बराच वेळ बोलत होता. ही म्हणाली, "दिवाळीपर्यंत तरी नाय येत मी. माल द्यायचाय." आणि ठेवला.

"दिवाळीनंतर?" मी विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू, आबा."

याहून जास्त मी मागितलं नाय. तिला म्हटलं, लिंबाची बाटली आण, चिठ्ठी सरळ कर, अजून तासभर उजेड हाय.