तिसरा आवाज

जव्हारच्या स्टँडजवळ हेमंत भोयेचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. माणूस तापट, पण गिऱ्हाईकाने काम बघितल्याशिवाय मूळ फाईल पुसायचा नाही.

२००७ साली मोखाड्याच्या आरोग्यसेविका पुष्पाताई बाळंतिणीच्या काळजीची फिल्म घेऊन आल्या. फाईलमध्ये हिंदी, मराठी आणि वारली असे तीन आवाज होते. गावातला साधा प्लेअर पहिलाच वाजवायचा, म्हणून त्यांना फक्त वारलीची सीडी हवी होती.

हेमंतने आवाजाचा एक ट्रॅक ठेवला, दोन वगळले. सुरुवातीचं संगीत ऐकून म्हणाला, "झालं." पुष्पाताईंनी फिल्म पुढे सरकवली, तर पडद्यावरची बाई हिंदीत बोलायला लागली.

"अहो, वारली गेली!"

"जाते कुठे? मूळ फाईल आहे की!" हेमंत स्वतःवरच चिडला. ट्रॅकना नावं नव्हती, नुसते आकडे होते. संगीत तिन्हींत सारखंच. आता त्याने प्रत्येकातलं बोलणं ऐकलं आणि तिसरा ठेवला. पुष्पाताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पोशेरा गावात फिल्म लागली. एरवी मधूनच उठून जाणारी गंगी आजी पुढे सरकली आणि पडद्यावरच्या बाईलाच उलट प्रश्न विचारू लागली.