नवव्या प्रकरणापर्यंत

वसतिगृहात तिला सगळ्या ‘भिंग’ म्हणायच्या. ऑनलाइन जुनं पुस्तक घ्यायचं म्हटलं की पोरी मोबाइल घेऊन तिच्याच खोलीत. मुखपृष्ठाच्या फोटोवर ही बया कधीच भुलली नाही. आतल्या पानाचा फोटो मागव, आवृत्ती बघ, पुनर्मुद्रणाचं साल बघून फसू नकोस, ते नवं असलं तरी मजकूर जुनाच असतो. पाठीची शिवण बघ, खुणा पेनाच्या की पेन्सिलच्या ते विचार. विक्रेत्याचे तारे मोजत बसण्यापेक्षा नाराज गिऱ्हाइकांनी काय लिहिलंय ते वाच. एकीने घाईत मागवलेलं गाईड दोन आवृत्त्या जुनं निघालं, तेव्हा हिने विक्रेत्याशी भांडून ते परत घ्यायला लावलं होतं.

लेखापालाच्या परीक्षेचं स्वतःचं गाईडही तिने असंच पारखून घेतलं होतं. नऊ प्रकरणं झाली आणि वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. घरात आई एकटी, तीही दम्याची. अंथरुणावरच्या माणसाला कूस बदलून देताना अभ्यास होत नाही, हे सांगायला शहाणा कशाला लागतो? ती घरी आली आणि औषधांच्या दुकानात कामाला लागली.

आई म्हणाली, गाईड राहू दे, पुढच्या वर्षी देशील परीक्षा. पण करांचे नियम दर वर्षी बदलतात. पुढच्या वर्षी हेच गाईड रद्दीत जाणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? निदान यंदा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, असं म्हणून तिने ते विकायला टाकलं. नाही म्हणायला जीव तुटलाच.

दुपारी दुकान रिकामं असताना एका मुलीचा संदेश आला. विक्रेती नवी, तारे एकही नाहीत, म्हणून ती जपून विचारत होती. भिंगाला ती आवडली. आवृत्तीच्या पानाचा, शिवणीचा, कोपरे दुमडलेल्या पानांचा असे सगळे फोटो तिने न कुरकुरता पाठवले. खुणा पेन्सिलच्या, नवव्या प्रकरणापर्यंतच, असंही लिहिलं.

पलीकडून शंका आली, “ताई, त्यापुढच्या पानांवर एकही खूण कशी नाही? तिथली छपाई चुकलीय का?”

“नाही. छपाई नीट आहे. मी तिथपर्यंतच वाचलं.”

थोड्या वेळाने उत्तर आलं, “मग बरंच झालं. पुढचं तरी मला खोडत बसावं लागणार नाही. घेते मी.”

तिने ‘धन्यवाद’ लिहिलं. काउंटरमागे बसून ती आईला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी पहिल्यांदाच रडली. मग पदराने डोळे पुसून, पुस्तक ओलं होऊ नये म्हणून दोन पिशव्यांत नीट गुंडाळलं.