कशाचं कारण?

आमच्या बालाघाटच्या राइस मिलमध्ये हिंदीत लिहिणारे ढीगभर. नागपूरच्या व्यापाऱ्याला मराठीत मेल लिहिणारी मात्र एकटी ज्योत्स्ना. ते काम तिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं.

मग लांजीची खुशी आली. मालकांनी तिला ज्योत्स्नाच्या मदतीला बसवलं. तिचे मेल एवढेसे: ‘पैसे पोचले. आभार.’ ‘गाडी सोमवारी.’ मालक खूश. ज्योत्स्नाच्या पोटात दुखू लागलं, आणि ते लपवणं तिला कधीच जमलं नाही. मी शेजारच्याच टेबलावर बसते, मला सगळं दिसतं.

ज्योत्स्नाने ‘गाडी सोमवारी’चं ‘गाडी सोमवारी पाठवण्यात येईल’ केलं. मालक म्हणाले, गाडी कधी, एवढंच व्यापाऱ्याने विचारलं होतं. ते कळलं की झालं, शेपूट कशाला? त्यांचं खरं होतं, म्हणूनच ते तिला जास्त झोंबलं.

एका सकाळी खुशीने पाठवण्याआधी ज्योत्स्नाला मेल दाखवला: ‘गाडी उद्या निघेल. नमुना पास झाल्यावर. पोती शिवून ठेवतो.’ मधला तुकडा नुसता लोंबकळत होता. पास झाल्यावर गाडी निघणार, की पोती शिवणार? आणि पास झालाच नाही तर? जाऊ दे तसाच, पडू दे तोंडावर, असं ज्योत्स्नाच्या मनात नक्की आलं. पण चुकीचं वाक्य तिला बघवत नाही. तिने लिहिलं: ‘नमुना पास झाला तरच गाडी उद्या निघेल. पोती आजच शिवून ठेवतो.’ खाली नाव खुशीचंच राहिलं.

नागपूरहून उत्तर आलं: ‘आता स्पष्ट कळलं. छान लिहिता, खुशीताई.’ मालकांनी ते वाचलं आणि सांगून टाकलं, यापुढे नागपूर खुशीकडे.

ज्योत्स्नाने डबा उघडला नाही. “मंजू, काम माहं अन् नाव तिचं,” ती मला म्हणाली. “माह्या जिवाची आग होऊन राह्यली.” आणि त्याच तिरीमिरीत तिने मालकांना एका ओळीचा मेल केला: ‘कारण ते वाक्य मी जोडलं होतं.’

मालकांचं उत्तर आलं: ‘कशाचं कारण?’

मला हसू आवरेना. दुसऱ्यांची अर्धी वाक्यं पकडणारी बाई स्वतः ‘कारण’ला एकटंच सोडून आली होती. ती मात्र हसली नाही. राहिलेलं अर्धं लिहायचं म्हणजे मागायचं, आणि मागायची तिला सवय नव्हती. शेवटी लिहिलं: ‘नागपूरचं काम माझ्याकडेच राहू द्या, कारण ते वाक्य मी जोडलं होतं.’

उत्तर आलं: ‘बरं.’

“एवढंच?” मी चिडवलं. “याले क्रियापद जोड न.”

“राहू दे,” ती म्हणाली. “समजलं मले.” आणि तिने डबा उघडला.