निरोपानंतरची सकाळची शिफ्ट

केशव डोणगावकर यांना आयुष्यात दोनदा निरोप देण्यात आला. पहिल्या खेपेला ते गेलेच नाहीत. हा किस्सा गारखेड्यातल्या त्यांच्या कॉलनीत अजून चघळला जातो, आणि सगळ्यात जास्त तिखटमीठ लावून तो स्वतः केशवच सांगतात. दुसऱ्यानं सांगितला तर त्यात त्यांचा मूर्खपणा जरा कमी पडतो, अशी त्यांची तक्रार असते.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना होता. केशव तिथं चोवीस वर्षं स्टोअरमध्ये कारकून. आजोबा निजामाच्या तहसिलीत कारकून, वडील जिल्हा परिषदेत कारकून, तेव्हा कागद आपल्याला कळतो, हा घराण्याचा ठाम समज. केशवना कागद कळायचा तो इतकाच, की गोंदाची पिंपं किती आली आणि किती गेली.

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. गणपतीसुद्धा कोरडे आले. नळ चौथ्या दिवशी यायचा आणि कॉलनीतल्या बोअरमधून नुसती हवा निघायची. शहर मात्र फुगत चाललं होतं. कारखान्याच्या शेजारी मोठमोठी शोरूम उभी राहिली आणि खोक्यांपेक्षा खोक्यांखालच्या जमिनीला जास्त भाव आला. तेव्हाच नेमकं मॅनेजमेंटला कामगारांच्या भल्याचं सुचलं. बॉयलरला पाणी नाही, ऑर्डरी नाहीत, म्हणून स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आहे, ज्याला वाटेल त्यानं सन्मानानं जावं, असा बोर्ड लागला. बोर्डावर नव्हतं ते कँटीनमध्ये पसरलं. आता गेला नाहीत तर कारखाना बंद होणार आणि मग हातात धुपाटणंसुद्धा येणार नाही.

एचआरमधल्या शंतनू साहेबांनी केशवना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. चोवीस वर्षांत त्या केबिनमधला तो पहिला चहा. तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं पुढाकार घेतला तर बाकीच्यांना धीर येईल, असं साहेब म्हणाले. हरभऱ्याच्या झाडावर चढायला केशवना शिडी कधीच लागली नाही. साहेबांनी एका कागदावर आकडा दाखवला, सोळा लाख. केशवनी तिथल्या तिथं अर्ज भरला आणि दोन दिवसांत बॉयलरवरच्या दाऊदलाही भरायला लावला. दाऊद त्यांचा कारखान्यातल्या पहिल्या दिवसापासूनचा दोस्त. केशव सही करतात म्हणजे कागद पाहूनच करत असणार, एवढ्या भरवशावर त्यानं सही केली.

सोळा लाखांचं काय करायचं, हेही केशवनी ठरवून टाकलं होतं. जारच्या पाण्याचा प्लांट. मराठवाड्यात दुष्काळ काही हटत नाही, तेव्हा धंदा बुडायची भीती नाही. त्यांच्या बायकोनं, उमावहिनींनी विचारलं, "अन् पाऊस पडला तर?" केशवना हा प्रश्न अपशकुनी वाटला. आपण गावच्या तहानेवर म्हातारपण काढायला निघालो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं ते पुढं खूप दिवसांनी. आता ते सांगताना स्वतःच कानाला हात लावतात.

अर्ज मंजूर झाल्याची, म्हणजे स्वीकृतीची पत्रं कंपनीकडून सोमवारी मिळणार होती. पण सोमवारच्या आसपास गणपती उठणार आणि मागोमाग पितृपक्ष लागणार. पितरांच्या पंधरवड्यात शाल कोण घेतं? त्यातून कॉलनीच्या गणपतीचा मांडव उभाच होता, माईकचं भाडंही मंडळानं भरलेलं. तेव्हा निरोप समारंभ शनिवारीच उरकावा असं ठरलं. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं नवऱ्यानं बाशिंगाचा बॅनरही छापून घेतला होता. प्रमुख पाहुणे म्हणून दोन गल्ल्या सोडून राहणारे पुंजाराम वाघचौरे आले. सरकारी कामगार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना बोलावण्यामागं एवढाच हेतू, की बॅनरवर नावाखाली लिहायला हुद्दा मिळावा.

कार्यक्रम रंगला. कॉलनीनं मरून रंगाची शाल घातली, नारळ दिला, स्टोअरमधल्या मंडळींनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. दाऊद पहिल्या रांगेत, त्याच्यामागं अर्ज भरलेले आणखी दोघे बसले होते. सत्काराला उत्तर म्हणून केशवनी चार पानी भाषण लिहिलं होतं. त्यात दोन सुभाषितं होती आणि तीन ठिकाणी आवाज दाटून यायची सोय होती.

मध्येच मंडळाच्या पोरांना साउंड दुरुस्त करायला थांबावं लागलं. तेवढ्यात वाघचौरे साहेबांनी शेजारच्या खुर्चीवरच्या सत्कारमूर्तीला सहज विचारलं, किती मिळाले? केशवनी ऐटीत आकडा सांगितला. साहेबांनी विचारलं, त्यात कंपनीचे किती? केशव म्हणाले, सगळेच.

"पीएफ त्यात धरलाय का?"

धरला होता. ग्रॅच्युइटीही धरली होती, शिल्लक रजेचे पैसेही.

"मग अकरा लाख तर तुमचेच झाले की हो," वाघचौरे म्हणाले. "उद्या नोकरी सोडली तरी ते कुणी अडवू शकत नाय. तुमच्याच ताटातलं तुम्हालाच वाढून यजमान म्हणून मिरवतेत. कंपनी देती पाचच. अन् तुमची नोकरी किती राहिली?"

दहा वर्षं राहिली होती. दहा वर्षांचा पगार केशवनी त्या क्षणापर्यंत कधी मोजलाच नव्हता.

साहेबांनी मग एकेक विचारायला सुरुवात केली आणि केशव परीक्षेला न वाचता बसलेल्या पोरासारखे उत्तरं देत गेले. युनियनचा पगारवाढीचा करार अडकलाय का? अडकलाय, दीड वर्ष झालं. मग उद्या तो मागच्या तारखेपासून लागू झाला तर फरक तुम्हाला मिळणार का? केशवना ठाऊक नव्हतं. अर्जात यापुढं कसलीही मागणी करणार नाही असं लिहिलंय का? लिहिलं होतं. मग नाय मिळायचा, साहेब म्हणाले, योजनेत तसं आधी लिहून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी. कामगार किती? दोनशेवर. मग बंद करायला सरकारची परवानगी लागते, आणि मिळाली तरी नुकसानभरपाई द्यावीच लागते, हातात काहीच येणार नाही हे कुणी सांगितलं? कँटीननं सांगितलं होतं. पेन्शन अठ्ठावन्नला सुरू होईल, आधी मागितली तर कापून मिळेल, हे माहीत आहे? ते तर केशवनी ऐकलंही नव्हतं.

गळ्यात शाल, मांडीवर नारळ आणि अंगाला दरदरून घाम, अशा थाटात सत्कारमूर्ती बसली होती. समोर दाऊद हसून हात हलवत होता. तो हात बघून केशवना त्याचा अर्ज आठवला. आपलं जाऊ दे, हा माणूस आपल्या भरवशावर बुडणार होता.

"योजना वाईटच असती असं नाय," वाघचौरे हळू आवाजात म्हणाले. "ज्याला जायचंय त्यानं जरूर जावं. पण काय सोडतोय ते मोजून जावं. स्वीकृतीचं पत्र हातात पडलं का?"

सोमवारी पडणार होतं. अर्जावर तर छापलंय की अर्ज मागं घेता येणार नाही, असं केशव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"छापू द्या. अर्ज म्हणजे तुमची मागणी. त्यांनी होकार कळवायच्या आत ती मागं घेता येती, कोर्टानं तसं सांगितलंय. होकार आला, पैसे उचलले, मग मात्र खेळ खलास. सोमवारी त्यांच्या आधी पोचा. अन् पोच घ्या."

तेवढ्यात माईक सुरू झाला आणि सत्काराला उत्तर द्यायला केशवचं नाव पुकारलं गेलं.

ते उठले. चार पानं खिशात होती, ती काढली आणि परत ठेवली. मांडवात दीडशे माणसं होती आणि मागं पुऱ्या तळल्या जात होत्या. दोन वाक्यं आभाराची बोलून घरी जाता आलं असतं. इज्जतही राहिली असती. पण दाऊद समोर होता.

"मंडळी," केशव म्हणाले, "मी गाढव आहे. जेवण करून जा, पण मी काही निवृत्त होत नाही."

मग त्यांनी साहेबांनी सांगितलेलं सगळं माईकवरून सांगितलं, अडखळत, सुभाषितांशिवाय. आवाज दाटून आला, पण ठरवलेल्या जागी नाही. लोक आधी हसले, मग खुर्च्या पुढं ओढून ऐकू लागले. दाऊद उठून मंचापाशी आला आणि म्हणाला, "केशवभाऊ, तुम्ही कागद वाचला नव्हता?" केशव नाही म्हणाले. "मी तर तुमच्याकडं बघून सही मारली ना," एवढंच दाऊद म्हणाला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. केशवना त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळच्या शिफ्टला, शंतनू साहेब यायच्या बऱ्याच आधी, चौघं टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी उभे होते. अर्ज मागे घेत असल्याची चार पत्रं दिली, चार प्रतींवर शिक्का आणि वेळ घेतली. दाऊद आला होता, पण केशवशी बोलत नव्हता. गेटवरच्या वॉचमननं केशवना विचारलं, काल-परवाच तुमचा सेंड-ऑफ झाला ना? केशव म्हणाले, झाला की, बुंदी चांगली होती.

शंतनू साहेब भडकले, अर्जावरचं छापील वाक्य दाखवलं. पण युनियनच्या वकिलानं पत्र पाठवल्यावर त्यांचा आवाज खाली आला. पुढं दोन महिने केशवना स्टोअरमधून उचलून रद्दीच्या शेडमध्ये बसवलं. तिथं त्यांनी इमानेइतबारे रद्दी मोजली. दरम्यान युनियननं योजनेचा कागद बदलून घेतला. करार मागच्या तारखेपासून लागू झाला तर जाणाऱ्यालाही फरक मिळेल, असं त्यात लिहून घेतलं आणि कंपनीची रक्कमही वाढवून घेतली.

आणि मग दाऊदनं पुन्हा अर्ज भरला. त्याचे गुडघे गेले होते आणि पोराचं गॅरेज उभं राहत होतं. यावेळी तो कागद घेऊन थेट केशवच्या घरी आला, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा. दोघांनी प्रत्येक ओळ वाचली. उमावहिनींनी दोनदा चहा केला. शेवटी दाऊद म्हणाला, "अब ठीक है. आता मी जातो, कुणी मला घालवत नाही."

दाऊदला निरोप द्यायला कॉलनीत मांडव नव्हता. कँटीनमध्ये दहा-बारा जण जमले. केशवनी आपली मरून शाल आणली होती. न जाता घेतलेली शाल घरात ठेवायची त्यांना लाज वाटत होती. ती त्यांनी दाऊदच्या खांद्यावर घातली आणि माफी मागितली. दाऊदनं ती नीट ओढून घेतली.

पुढच्याच वर्षी धो धो पाऊस पडला. जारच्या प्लांटचा विषय उमावहिनी फक्त सणासुदीला काढतात.

केशव खरे निवृत्त झाले ते अठ्ठावन्नला, अगदी अलीकडे. तोवर शहराचं नाव बदललं होतं, कारखान्याच्या तिन्ही बाजूंना इमारती झाल्या होत्या आणि वाघचौरे साहेब वारले होते. त्यांची आठवण केशवना त्या दिवशी फार झाली. कॉलनीनं एकमतानं ठरवलं, की एका माणसाला दोनदा निरोप देत नसतात, पहिल्याचंच जेवण पुष्कळ झालं. केशवना ते पटलं. संध्याकाळी ते नारळ न घेता घरी आले, तर ओट्यावर दाऊद बसला होता, हातात काठी, मांडीवर कागदात गुंडाळलेली मरून शाल. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

दाऊदनं आधी हात पुढं केला. "पहिले कागद दाखवा," तो म्हणाला.

केशवनी पिशवीतून कार्यमुक्तीचं पत्र काढलं. दाऊदनं चष्मा लावला, ओट्यावरच्या दिव्याखाली ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, आणि मगच शाल उघडली.