रुसलेल्या नवरदेवाचे दहा सेकंद

पांढुर्ण्याच्या आमच्या फोटो स्टुडिओत दोन माणसं काम करतात. एक माझा नवरा, जो कॅमेरा गळ्यात घालून लग्नालग्नांत मिरवतो. दुसरी मी, जी मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून त्यानं केलेले घोळ निस्तरते. बोर्डावर नाव अर्थातच मिरवणाऱ्याचं आहे.

त्या दिवशी सौंसरचे एक भाऊसाहेब आपल्या लग्नाच्या दोन जुन्या व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. लग्नाला तीस वर्षं होत होती, हॉल बुक होता आणि मोठ्या पडद्यावर लग्न दाखवायचं होतं. भाऊसाहेब म्हणजे आमच्याकडचं बडं प्रस्थ. सामूहिक विवाहाच्या मांडवात माईक हाती लागला की हुंड्याविरुद्ध असे बोलतात, की नवरदेवालाच घाम फुटतो.

सोबत त्यांच्या साळीची, म्हणजे बायकोच्या बहिणीची, मुलगी होती, सौंसरच्याच शाळेत शिक्षिका. आई गेली तेव्हा ही दीड वर्षाची. घरी आईचा एकच फोटो, रेशनकार्डासाठी काढलेला, ओठ मिटलेला. मला हळूच म्हणाली, "भाभी, या कॅसेटमध्ये कुठीतरी माझी आई हाय म्हणते मावशी. मी तिले हालताना कधी पाह्यलंच नाही." बोलताबोलता कसनुशी हसली, तर लगेच तोंडावर हात. तिचा एक दात दुसऱ्या दातावर चढलेला. शाळेत पोरींनी काय काय चिडवलं असेल ते तोंडावरचा हातच सांगत होता.

कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या आणि चित्र साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला लावल्या. लाइट सारखी जाते, म्हणून नऊ तुकडे करून दिले, सगळे एकाच मापाचे, एकाच सेटिंगचे. चार दिवस मशीन घरघरलं. आठव्या तुकड्यात ती सापडली. नवरदेवाचं ताट, समोर नवरदेव आणि बाजूला एक हसणारी बाई. तिचाही दात दातावर चढलेला! मला शंका आली, कारण ही सॉफ्टवेअर कधीकधी मनानंच तोंड घडवतात. मूळ कॅसेट पुन्हा लावून थांबवून पाहिली. धुरकट का होईना, पण तिथं तीच सावली होती. दात खरा होता.

मी पाणी प्यायला उठले, तेवढ्यात आमच्या साहेबांनी हौसेनं नऊही तुकडे एडिटिंगमध्ये ओढले, मागचापुढचा कचरा कापला आणि छोट्या साइजची फाइल काढून ठेवली. "पाह्य, दहा मिनिटांत काम खतम!"

पाहिलं. बाईच्या तोंडात दातांच्या जागी पांढरी पट्टी होती. दातावर चढलेला दात गेला, गालावरची खळी गेली, सगळ्यांची तोंडं मेणाची झालेली.

"अहो, चार दिवस मशीननं धुतलं आणि तुम्ही दहा मिनिटांत चिखलात लोळवलं! पुन्हा एन्कोड काहून केलं?"

"म्हणजे?"

वीस वर्षं धंदा करून माणूस विचारते, म्हणजे! सांगितलं त्याला. फाइल एकदा दाबून बनलेली असते. एडिटिंगमधून पुन्हा काढली की ती उघडते आणि परत दाबली जाते, बारीकसारीक जे उरलं ते त्यात जाते. झेरॉक्सची झेरॉक्स. आपल्याला तर फक्त टोकं कापायची आणि तुकडे जोडायचे. त्यासाठी आतला डेटा उलगडायचा नाही, जसाच्या तसा उचलून पुढं ठेवायचा. सगळे तुकडे एका मापाचे म्हणून जोडले जातात, आणि वेळ लागते चहा गाळण्याइतका. नशीब, मूळ फाइली त्यानं पुसल्या नव्हत्या.

मी तसं जोडलं आणि दोघांना दाखवायला बोलावलं. पोरगी पडद्याला नाक लावून बसली. डोळे भरून आले तरी पुसेना, पुसताना काही सुटलं तर! भाऊसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. कारण बाई हसायच्या आधीचे सहा सेकंद. त्यात तरुण भाऊसाहेब गाल फुगवून समोरचं ताट दोन्ही हातांनी दूर ढकलतात. हुंड्यातली मोटारसायकल आली नव्हती ना मांडवात! मग ती बाई लाडू घेऊन येते आणि कॅमेऱ्याकडे पाहून खदखदून हसते.

"एवढं कापा," भाऊसाहेब म्हणाले. "बाकी राहू द्या."

इथंच तर गोम होती. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण नसते. मधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि पुढचं त्यात काय हललं एवढंच लिहिलेलं. या फाइलीत पूर्ण चित्रं दहा-दहा सेकंदांवर होती. पुन्हा दाबायचं नाही म्हटलं तर तुकडा तिथूनच सुरू होणार. एक पूर्ण चित्र ताट ढकलायच्या आधी, दुसरं बाईनं पाठ फिरवल्यावर. भाऊसाहेबांचा रुसवा आणि तिचं हसू एकाच दहा सेकंदांत अडकलेलं. रुसवा काढा, तर हसूही जाते.

"तेवढाच तुकडा पुन्हा बनवू ना, हाय क्वालिटीत," नवरा मध्येच शहाणा झाला. "कोणाले दिसून राह्यलं?"

"तेवढाच तुकडा म्हणजे तिचं तोंडच न! कमी बिघडंल, पण बिघडंल. एकदा कॅसेटनं खाल्लं, एकदा मशीननं. आता तिसऱ्यांदा यांच्या इज्जतीसाठी?"

बोलून गेले आणि जीभ चावली. भाऊसाहेब लाल झाले. म्हणाले, "कार्यक्रम माझा हाय, पैसे माझे हाय. सगळी फाइल पुन्हा बनवा नाहीतर काहीही करा, ताट दिसलं नाही पाह्यजे." आणि उठून गेले. पोरगी तिथंच बसून राहिली. "भाभी, मले वेगळी देऊन द्या कॉपी. हॉलमध्ये नाही दाखवली तरी चालते." हेही तोंडावर हात ठेवूनच.

चालते म्हणे! माझं डोकं फिरलं. तीस वर्षांनी आई हालताना दिसली, तर तीही लपूनछपून पाहायची?

हॉलमध्ये मीच लॅपटॉप घेऊन गेले आणि न कापलेली फाइल लावली. नवरा कॅमेऱ्यामागून डोळे वटारत होता. पडद्यावर ताट सरकलं आणि अख्खा हॉल हसला. भाऊसाहेब ताडकन उभे राहिले. तेवढ्यात ती बाई लाडू घेऊन आली, कॅमेऱ्याकडे वळली आणि खदखदून हसली. भाऊसाहेबांची बायको, जी संध्याकाळभर तोंडातून शब्द काढत नव्हती, मोठ्यानं म्हणाली, "माझी बाई हाय वं ती, माझी बहीण! पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. तिनं तिसऱ्यांदा लाव म्हटलं, तेही लावलं.

माझे पैसे बुडाले हे मी तेव्हाच ओळखलं.

जेवणं सुरू झाली. भाऊसाहेबांपुढं ताट आलं. त्यांनी गाल फुगवले आणि ताट दोन्ही हातांनी दूर ढकललं. बापा रे, तेच हात, तेच गाल! कोणी मनवायला जाईना. शेवटी त्यांच्या साळीची ती पोरगी उठली. थाळीतला लाडू उचलून त्यांच्यापुढं धरला, "घ्या न मोसाजी, आता तरी घ्या," म्हणाली आणि खदखदून हसली. दातावर चढलेला दात अख्ख्या हॉलनं पाहिला. तोंडावर हात गेला नाही.

मी नवऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालू होता.

"हे कापायचं नाही," मी म्हटलं. पहिल्यांदाच तो "म्हणजे?" म्हणाला नाही.