आबांची साडेतीन पानं

हर्षदाला तिच्या वर्गात सगळे भित्री म्हणत, आणि ती होतीच. पहिल्या वर्षी पेनड्राइव्ह बिघडून तिचा आख्खा प्रकल्प गेला होता. तेव्हापासून लघुप्रबंधाची एक ओळसुद्धा तिनं क्लाउडबाहेर लिहिली नाही. वर जो भेटेल त्याला उपदेश, ‘‘तिथं लिही बाई, खोडलेलंही परत मिळतं.’’ विषय होता ती राहत होती त्या उधन्यातल्या यंत्रमाग कामगारांचं बहिरेपण. चार वर्गमित्रांना तिनं फाइल संपादनाच्या परवानगीसह दिली होती, एकमेकांच्या चुका काढायला.

उद्या जमा करायचं, आणि आज कॉलेजच्या लायब्ररीत फाइल उघडली तर चौथ्या प्रकरणातली साडेतीन पानं गायब! नेमकी तीच, ज्यांना मार्गदर्शक मॅडम प्रबंधाचा जीव म्हणाल्या होत्या. एका कामगाराचं निवेदन होतं ते. डावा कान पार गेलेला, उजवाही जात चाललेला. समोरच्याच्या ओठांकडे बघून तो निभावून नेतो आणि कारखान्यात कुणाला पत्ता लागू देत नाही. नाव बदललेलं होतं, पण गाव, वय, कारखान्यातलं खातं सगळं खरं होतं. तो कामगार म्हणजे तिचे वडील, आबा, हिलाल पाटील.

मग स्वतःचाच उपदेश तिला आठवला. तिनं आवृत्ती इतिहास उघडला. बाजूच्या यादीत रविवार दुपारची नोंद होती. खोडलेली साडेतीन पानं रंगात, मधून रेघ मारलेली, जशीच्या तशी दिसत होती. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिनं खोडणाऱ्याचं नाव वाचलं. हर्षदा पाटील!

रविवारी दुपारी ती कडोदऱ्याला लग्नात होती.

पानं खोडण्याआधीची आवृत्ती पुनर्स्थापित केली असती तर त्यानंतर लिहिलेला समारोप फाइलमधून गेला असता. म्हणून तिनं त्या आवृत्तीची वेगळी प्रत काढली. पानं तिथून उचलून चिकटवायची, इतकंच काम उरलं. पण हात थांबला. तिचं खातं आणखी एकाच ठिकाणी उघडं होतं, आबांच्या फोनवर. मागाच्या सुट्या भागांची नावं चुकली तर दुरुस्त करा म्हणून तिनंच त्यांना शिकवलं होतं, बोट दाबून धरायचं, निवडायचं, खोडायचं. सातवी शिकलेल्या बापाला आपण किती मान देतो, असं तेव्हा तिला वाटलं होतं. शहाणी कुठली!

संध्याकाळी आबा पाळीवरून येऊन चहा पीत बसले होते. ती समोर बसली, तोंड दिसेल अशी. ‘‘आबा, ती पानं तुम्ही काढ्यात का?’’

‘‘हा, मीच काढं,’’ आबा म्हणाले. ‘‘तो योगेश तुना बरोबर शिकस ना? तो आमना मास्टरना भाचा शे. त्यानं वाचं ते? कान गयात हाई समजनं, ते माले कामवर ठेवतीन का?’’

योगेश त्या चौघांतला एक होता, आणि मास्टर म्हणजे आबांच्या खात्याचा मुकादम. हर्षदाला स्वतःची भयंकर लाज वाटली. नाव बदललं की झालं, एवढाच तिचा विचार होता. आबांनी पानं खोडली खरी, पण संपादनाची परवानगी असलेल्या कुणालाही इतिहासात ती अजून दिसत होती. दोन वर्षं ज्या सोयीचे गोडवे गायले, तीच आता घरावर उठली होती.

तिनं लॅपटॉप उघडला. सध्याच्या फाइलची, त्या पानांशिवायची, नवी प्रत काढली. नव्या प्रतीबरोबर जुना इतिहास येत नाही, हे तिला ठाऊक होतं. चौथं प्रकरण लंगडं झालं होतं आणि ते मॅडमच्या नजरेतून सुटणार नव्हतं. होऊ दे. मूळ फाइल आणि दुपारची ती प्रत, दोन्ही तिनं कचरापेटीत टाकल्या. मग कचरापेटी उघडून ‘कायमचं हटवा’वर बोट नेलं. जन्मात तिनं ते बटण दाबलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडतच तिनं ते दाबलं.

मागून आबांचा आवाज आला. ‘‘आते कोनले दिसाव नही ना?’’

चौघांपैकी कुणी आधीच आपली प्रत काढून ठेवली असेल, तर ती हर्षदाच्या हातात नव्हती. योगेशनं वाचलंय की नाही, हेही तिला माहीत नव्हतं. पाठमोरी राहून काहीही पुटपुटली असती तरी आबांना ऐकू गेलं नसतं.

तिनं डोळे पुसले, त्यांच्याकडे तोंड केलं आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाली, ‘‘नही, आबा.’’

आबांनी ते वाचलं आणि निवांतपणे उरलेला चहा संपवला.