आंद्रेयेव्ना कोणाची कोण

नाव: मुस्तफा इब्राहीम परकार. वय: सेहेचाळीस. मूळ गाव: दाभोळजवळ, खाडीच्या अलीकडे. कामाचे ठिकाण: धाहरान, एका ठेकेदार कंपनीचे कार्यालय, दुसरा मजला. कामाचे स्वरूप: परदेशी कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचे नाते कागदपत्रांवरून सिद्ध करणे. इकाम्यावरील, म्हणजे सौदी निवासपरवान्यावरील, पेशा: माल चढवणारा कामगार. ही शेवटची नोंद बदलण्याचा अर्ज पाच वर्षांपूर्वी केला आहे. तो विचाराधीन आहे.

या पेशाला कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. म्हणून मुस्तफा इतरांच्या बायका-मुलांना आणतो आणि स्वतःच्या बायकोशी फोनवर बोलतो. रुमानाला पाहून त्याला एकवीस महिने झालेत.

मार्चमध्ये निकोलाय ग्रोमोव त्याच्या टेबलासमोर येऊन बसला. वय चौपन्न, वेल्डिंगचा तपासनीस. हृदयाची झडप बदलायची होती, तारीख सोमवारची मिळाली होती, हातात पंचवीस दिवस होते. लग्न केलेलं नव्हतं, आई-वडील गेले होते.

"वेरा यायला हवी," तो म्हणाला. "ऑपरेशनच्या आधी. नंतर आली तर मी असेन की नाही, कोण सांगणार?"

वेरा कोण, हे मुस्तफाने विचारलं नाही. समोर कागद असताना माणसाला विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. भाषांतरित कागदावर होतं: वेरा आंद्रेयेव्ना बेलोवा. निकोलायच्या जन्मदाखल्यावर बाप आंद्रेय. मुस्तफाच्या गावी बाईच्या नावाच्या मधोमध नवरा असतो. रुमाना मुस्तफा परकार, तशी वेरा आंद्रेयेव्ना. आंद्रेयची बायको म्हणजे निकोलायची आई. ती मुलापेक्षा तीन वर्षांनी लहान होती आणि आडनावही वेगळं होतं, पण मुस्तफाने जग पाहिलेलं होतं. त्याने लिहिलं: नाते, सावत्र आई.

अकरा दिवसांनी अर्ज परत आला. शेरा: नाते सिद्ध होत नाही.

निकोलायने फॉर्म पाहिला. आधी हसला, मग छातीवर हात ठेवून थांबला.

"अरे, बहीण आहे ती माझी! मी आंद्रेयेविच, ती आंद्रेयेव्ना. दोघांचा बाप आंद्रेय."

"पण तिचं तर लग्न झालंय."

"झालंय ना. म्हणून बेलोवा. नवरा बेलोव. आधी ग्रोमोवा होती."

"आणि बापाचं नाव?"

"ते कुठे जातंय? बाप बदलत नाही."

"पासपोर्टात तर आंद्रेयेव्ना दिसत नाही."

"इंग्रजी ओळीत नसतं. वरची रशियन ओळ बघ."

मुस्तफाने कपाळावर हात मारला आणि कामाला लागला. नुसता आंद्रेय पुरणार नव्हता; रशियात आंद्रेय पुष्कळ असणार. वेराचा जन्मदाखला मागवला. दोन्ही दाखल्यांवर बाप एकच निघाला: आंद्रेय पावलोविच ग्रोमोव, म्हणजे पावेलचा मुलगा. आईही एकच. मग लग्नाचा दाखला: लग्नाआधी ग्रोमोवा, नंतर बेलोवा. तीन कागद एकापुढे एक लावले तेव्हा बहीण उभी राहिली. त्यांच्या अरबी भाषांतरात आणि शिक्क्यांत आणखी दहा दिवस गेले.

मधल्या एका शुक्रवारी त्याने हे रुमानाला फोनवर सांगितलं.

"म्हणजे त्यांच्यात लग्न झालं तरी बापच राहतो नावात?"

"हो."

"बरं आहे की. बाप नावात, नवरा घरात."

"तुझ्या नावात मी आहे ना?"

"नावात आहात हो," रुमाना म्हणाली. "शेजारची झेबा विचारते, घरात कधी येणार."

मुस्तफाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिनेच विचारलं, "त्या वेराचं काय होणार?"

"माझे अकरा दिवस वाया गेले, त्याचं काय होतंय ते बघायचं."

"तुमचे नाही. त्या भावाचे."

व्हिसा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी निघाला. वेरा रशियात, कझानला होती. लवकरात लवकरचं तिकीट मंगळवार रात्रीचं मिळालं. मुस्तफा संध्याकाळी ते सांगायला इस्पितळात गेला. निकोलायने मान हलवली आणि म्हणाला, "तिला सांग, जाड कोट घरी ठेव." मग थोड्या वेळाने, "सहा वर्षं झाली. ओळखेल ना मला?"

"कागदांवरून तर ओळखलंच," मुस्तफा म्हणाला, आणि लगेच त्याला ते बोलल्याचं वाईट वाटलं.

सोमवारी पहाटे निकोलायला आत नेलं. बाहेर थांबणाऱ्याने भरायचा एक फॉर्म होता. मुस्तफाने नाव लिहिलं, इकामा क्रमांक लिहिला, आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्यात 'नाही' लिहून सही केली.

निकोलाय वाचला. वेरा बुधवारी आली.